फळ्यावर लिहिलेलं, दगडात उरलेलं

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाच्या समोर उभं राहिलं की बहुतेकांची नजर गाभाऱ्याकडे जाते. माझी जाते आजूबाजूच्या कोठड्यांकडे. हे देऊळ ज्या लेण्यात आहे ते जुन्नरमधलं सर्वांत मोठं विहार. मधे खांब नसलेला भलामोठा मंडप आणि तीन बाजूंना वीस कोठड्या. दोन हजार वर्षांपूर्वी पावसाळ्यात इथे भिक्षू राहत. कोठडीत वाकून शिरलं की अंधार, थंडावा आणि एखादा दगडी ओटा. झोपायची जागा कळते, बसायची कळते. शेजारच्या टाक्यांमुळे पाण्याचीही सोय कळते. पण ही माणसं शिकणारी आणि शिकवणारी होती. मग त्यांचे ग्रंथ कुठे होते?

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर खोदकामं आहेत. लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी, तुळजा. एका गावाभोवती इतकी लेणी भारतात क्वचितच सापडतात. त्यांतून त्या काळातलं एकही ताडपत्र, एकही भूर्जपत्र, कापडाची एकही चिंधी मिळालेली नाही. मिळाले ते भिंतींत कोरलेले लेख. ब्राह्मी लिपीतले, प्राकृत भाषेतले, बहुतेक एक-दोन ओळींचे. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिलं, अशा प्रकारचे. हा लेख लेण्याद्रीच्याच चैत्यगृहावर आहे.

माझी खात्री अशी की हरवलेल्या ग्रंथालयाचा माग याच दगडांत लागतो. मात्र त्यासाठी दगडाला एक वेगळा प्रश्न विचारावा लागतो. तू काय सांगतोस, हे नंतर. आधी सांग, तू कशावरून उतरवून घेतला आहेस?

या प्रश्नाचं उत्तर देणारा सर्वांत बोलका दगड नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. जुन्नर आणि नाशिक तेव्हा एकाच राजाच्या ताब्यात होती, महाक्षत्रप नहपानाच्या. मानमोडीच्या डोंगरावर त्याच्या अयम नावाच्या अमात्याने पाण्याची पोढी आणि मंडप करवून घेतला, त्यावर वर्ष ४६ कोरलं आहे. नाशिकला नहपानाचा जावई उषवदात याने लेणं दिलं, त्यावर वर्ष ४२. म्हणजे दोन्ही नोंदी एकाच राजवटीच्या, चार वर्षांच्या अंतरातल्या.

उषवदाताने नुसतं लेणं दिलं नाही, त्याच्या खर्चाची कायमची तजवीजही केली. ही तजवीज जरा सावकाश पाहण्यासारखी आहे. त्याने ३००० कार्षापण गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. एका श्रेणीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीचं व्याज महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वर्षावासाला येणारे भिक्षू वीस. प्रत्येकाला चीवरासाठी बारा कार्षापण, असं लेख सांगतो. दोनशे चाळीस भागिले वीस, बरोबर बारा. कागदावर हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा मी काही वेळ नुसता त्या आकड्यांकडे बघत राहिलो. कोणीतरी बसून हे आधी मांडलं होतं. आधी भिक्षूंची संख्या, मग वस्त्राचा खर्च, त्यावरून व्याज आणि शेवटी मुद्दल.

हा हिशेब दगडावर छिन्नी लावून कोणी करत नाही. तो आधी कुठेतरी लिहिलेला होता, आणि कुठे, तेही लेखाच्या शेवटी सांगितलं आहे. हे सगळं निगमसभेत ‘स्रावित’ केलं, म्हणजे सर्वांना ऐकवलं, आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं. फलक म्हणजे फळा, लाकडी फळी.

तर ही होती त्या काळची दप्तरखान्याची पद्धत. व्यवहार झाला की तो गावच्या सभेत मोठ्याने वाचायचा. ऐकणारे साक्षीदार झाले. मग तो फळ्यावर लिहून सभेच्या ताब्यात ठेवायचा. आणि ज्याला परवडेल त्याने त्याचा गोषवारा लेण्याच्या भिंतीवर कोरवून घ्यायचा, म्हणजे शंभर वर्षांनी कोणी व्याज बुडवू लागला तर बोट दाखवायला जागा राहील. भिंतीवरचा लेख ही प्रत. मूळ दस्त फळ्यावर. फळा गेला, प्रत राहिली.

जुन्नरच्या लेखांतही असेच व्यवहार आहेत. बुरुडांच्या श्रेणीकडून महिन्याला पावणेदोन, कासारांच्या श्रेणीकडून पाव, असे दर तिथे कोरलेले आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने कोठड्या आणि पोढी दिल्याचं लिहिलं आहे. पावणेदोन आणि पाव हे आकडे ठेवीशिवाय येत नाहीत आणि ठेव नोंदीशिवाय राहत नाही. म्हणजे जुन्नरच्या बाजारातही कुठेतरी फळ्यांची चळत होती, असं मी मानतो.

नहपान गेला. गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पराभव केला. राज्य बदललं की दप्तर जळतं किंवा फेकलं जातं, असा आपला समज असतो. इथे तसं झालं नाही, आणि हे कळलं तेही नाशिकच्याच दगडावरून. गौतमीपुत्राने आपल्या राजवटीच्या १८ व्या वर्षी, विजयी सैन्याच्या छावणीतून, गोवर्धनच्या अमात्याला पत्र पाठवलं. आजवर उषवदाताच्या ताब्यात असलेलं, अमुक गावातलं दोनशे निवर्तनांचं शेत आम्ही इथल्या भिक्षूंना देत आहोत. जिंकणाऱ्या राजाला शेताचा जुना मालक माहीत आहे आणि मापही. रणांगणावर तलवारीने हे कळत नाही. हे स्थानिक कारकुनांकडून, त्यांच्या नोंदींतून आलं. राजा पडला तरी जमिनीचा कागद चालू राहिला, कारण नव्या राजालाही सारा वसूल करायचाच होता.

त्याच पत्राच्या शेवटी दस्त कसा तयार झाला याची साखळी दिली आहे. मला ती दानापेक्षाही मोलाची वाटते. आज्ञा तोंडी झाली. शिवगुप्त अमात्याने ती लिहून घेतली. महास्वामी नावाच्या अधिकाऱ्यांनी ती तपासून जपली. मग सनद दिली, तिची तारीख घातली, पावसाळ्याचा दुसरा पक्ष, पहिला दिवस. आणि तापस नावाच्या माणसाने ती तयार केली. राजाच्या तोंडून निघालेले शब्द दगडापर्यंत पोचायच्या आधी किमान तीन हातांतून आणि दोन-तीन प्रतींतून गेले. आज त्यातलं काहीच उरलेलं नाही, फक्त शेवटची पायरी उरली.

सहा वर्षांनी त्याच शेताबद्दल दुसरं पत्र निघालं. ते गाव ओस पडलं होतं, शेत कोणी कसत नव्हतं. म्हणून त्याबदल्यात शहराच्या सीमेवरचं राजाच्या मालकीचं शंभर निवर्तन शेत दिलं. हे पत्र लोटा नावाच्या प्रतिहारीने, म्हणजे दाराशी असणाऱ्या स्त्री-अधिकाऱ्याने लिहून घेतलं. दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्रीत सरकारी कागद लिहून घेणारी एक बाई, नावासकट. दगडाने हे जपलं. तिच्या हातचा कागद, किंवा जे काही ते असेल, जपलं गेलं नाही.

हा झाला व्यवहाराचा भाग. धर्मग्रंथांचं काय? इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीतर रिकाम्या कोठडीचा अर्थ चुकीचा लागतो. त्या शतकांतलं मोठं ग्रंथालय माणसाच्या डोक्यात होतं. शेजारच्या मावळात, कार्ल्याच्या चैत्यगृहात, सोपाऱ्याहून आलेल्या एका दात्याला ‘भाणक’ म्हटलं आहे. भाणक म्हणजे पाठ म्हणणारा, ग्रंथाचा एखादा विभाग तोंडपाठ असणारा भिक्षू. एका भाणकाला एक भाग, दुसऱ्याला दुसरा. सगळे एकत्र बसले की ग्रंथ पूर्ण. पंधरवड्याला एकत्र म्हणून चुका तपासायच्या. चिनी भिक्षू फाहियान इसवी सन ३९९ मध्ये निघाला तो मुख्यतः विनयाचे ग्रंथ शोधायला. उत्तर भारतात मठामागून मठ पाहिले आणि त्याला कळलं की तिथे विनय गुरूच्या तोंडून शिकवला जातो, उतरवून घेता येईल अशी पोथी नाही. शेवटी पाटलीपुत्रात एका मठात त्याला लिहिलेली प्रत मिळाली. तिथे तो तीन वर्षं राहिला, भाषा शिकला आणि स्वतःच्या हाताने नक्कल केली.

या जिवंत ग्रंथालयाला वाळवी लागत नाही, पाणी लागत नाही. पण ते एका पिढीचंच असतं. साथ आली, दुष्काळ पडला, दात्यांनी हात आखडला आणि नवे शिष्य आलेच नाहीत, तर चाळीस वर्षांत सगळं संपतं, आणि संपल्याची कुठे खूणही राहत नाही. जुन्नरला नेमकं हेच झालं असावं. नाणेघाटातून चालणारा व्यापार ओसरला, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकानंतर इथे नवी खोदकामं जवळपास थांबली.

लिहिलेल्या पोथीचं दुखणं वेगळं. ताडाचं कोवळं पान कापायचं, शीर काढून पट्ट्या करायच्या, पाण्यात उकळायच्या, सावलीत वाळवायच्या, दगडाने किंवा शंखाने घोटून गुळगुळीत करायच्या. उत्तरेकडे त्यावर बोरूने शाईत लिहीत. दक्षिणेकडे लोखंडी लेखणीने ओरखडे काढून वरून काजळी चोळत, मग पुसलं की काजळी फक्त खाचांत राही. पानांना भोक पाडून दोरा ओवायचा, वर-खाली लाकडी फळ्या ठेवायच्या, दोऱ्याला गाठ मारायची. ग्रंथ हा शब्दच त्या गाठीतून, ग्रंथीतून आला. सातव्या शतकात ह्युएनत्संग दख्खनमधून गेला तेव्हा त्याने कोंकणपूर नावाच्या नगराच्या उत्तरेला ताडांचं मोठं वन पाहिलं. ही पानं लांब-रुंद, चकचकीत असतात आणि साऱ्या देशांत लिहायला वापरतात, असं त्याने नोंदवलं. हे कोंकणपूर नेमकं कुठलं यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण लिहायच्या पानांचा माल दक्षिणेतून सगळीकडे जात होता, एवढं नक्की.

आता हे पान सह्याद्रीच्या पावसात ठेवून पाहा. जून ते सप्टेंबर हवेत पाणी. भीमाशंकरच्या बाजूला तर आठवडाभर धुकं उठत नाही. पान ओल शोषतं, फुगतं. मग ऑक्टोबरचं ऊन, पान आकसतं. दरवर्षी हे चाललं की पानाचे धागे सुटू लागतात, कडा तुटतात. ओलीला बुरशी येते आणि बुरशीच्या मागून कीड. दोरा भोक मोठं करत जातो. अशा हवेत ताडपत्र काही शतकं टिकलं तरी खूप झालं. म्हणून पोथी जपायचा खरा उपाय एकच होता, जुनी पडायच्या आत नवी उतरवून काढायची. ग्रंथ जिवंत असतो तो नकलांच्या साखळीत. एक कडी दोनशे वर्षं निसटली की सगळी साखळी गेली, मग कोणी आग लावायलाही यावं लागत नाही.

हे किती खरं आहे ते याच काळातल्या, याच धर्माच्या दुसऱ्या एका पोथीघराने दाखवलं. गांधार देशात, आजच्या अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या कोरड्या पट्ट्यात, भूर्जपत्राच्या गुंडाळ्या मातीच्या मडक्यांत ठेवून पुरलेल्या सापडल्या. १९९४ मध्ये त्यातला एक मोठा संच ब्रिटिश लायब्ररीत आला. काळ साधारण पहिलं शतक, म्हणजे मानमोडीची पोढी खोदली गेली त्याच सुमाराचा. काही गुंडाळ्यांवर दुसऱ्या हाताने एक शेरा मारला आहे, ‘लिहून झालं’ अशा अर्थाचा. त्यावरून अभ्यासकांचा अंदाज असा की या गुंडाळ्या जीर्ण झाल्या, त्यांची नवी नक्कल करून घेतली आणि जुन्यांना मडक्यात घालून आदराने पुरलं. ज्या नव्या प्रतींसाठी हा खटाटोप केला त्या नाहीशा झाल्या. मातीत गेलेलं मात्र राहिलं. तेच भिक्षू, तेच ग्रंथ. फरक एवढाच की तिथे पाऊस नव्हता.

मातीचा विषय निघालाच आहे तर थोडं पश्चिमेला जायला हवं, असिरियाच्या निनवे शहरात. तिथे इसवी सनापूर्वी सातव्या शतकात असुरबनिपाल राजाने ग्रंथालय जमवलं. ओल्या मातीच्या पाटीवर बोरूच्या टोकाने खिळ्यांसारखी अक्षरं दाबायची आणि पाटी वाळवायची. एक ग्रंथ अनेक पाट्यांवर जाई, म्हणून प्रत्येक पाटीच्या शेवटी ग्रंथाचं नाव, पाटीचा क्रमांक आणि पुढच्या पाटीची पहिली ओळ लिहीत. पाट्या विस्कटल्या तरी पुढची कोणती ते शोधता यावं म्हणून. राजाने बाबिलोनियातल्या विद्वानांकडून आणि देवळांतून ग्रंथ मागवले, काही आणवले, काही उतरवून घेतले. इसवी सनापूर्वी ६४७ च्या सुमाराच्या आवक-नोंदी सापडल्या आहेत. त्यात सुमारे २००० मातीच्या पाट्या आणि सुमारे ३०० लिहायचे फळे आल्याचं दिसतं.

फळे! मी हे वाचलं तेव्हा मला थेट गोवर्धनची निगमसभा आठवली. असिरियातले फळे लाकडाचे किंवा हस्तिदंताचे, मधे खोलगट करून त्यात मेण भरलेलं, मेणावर अक्षरं. बिजागऱ्यांनी एकमेकांना जोडून पुस्तकासारखे मिटायचे. इसवी सनापूर्वी ६१२ मध्ये निनवे पडलं, जाळलं गेलं. आगीने मातीच्या पाट्या विटांसारख्या भाजून निघाल्या आणि टिकल्या. एकोणिसाव्या शतकात त्या उकरून काढल्या, आज तुकडे धरून तीस हजारांच्या आसपास आहेत. तीनशे फळ्यांतला एकही मिळाला नाही. मेण वितळलं, लाकूड जळालं. जगातल्या सर्वांत नशीबवान प्राचीन ग्रंथालयाचंसुद्धा जे जपलं गेलं ते सामग्रीने निवडलं, राजाने नव्हे. पाट्यांपेक्षा फळ्यांवर काय मौल्यवान होतं ते आता कळायचा मार्ग नाही.

निनवेचे फळे गेले, पण शेजारच्या निमरूदच्या राजवाड्यातल्या एका विहिरीत काही सापडले. १९५३ मध्ये उत्खननात विहिरीच्या तळाच्या गाळातून हस्तिदंताचे आणि अक्रोडाच्या लाकडाचे फळे वर आले. पाण्याखालच्या चिखलात हवा पोचत नाही, म्हणून ते कुजले नव्हते. काहींवर मेणाचे तुकडे शिल्लक होते, त्यावर आकाशातल्या शकुनांचा ग्रंथ. मेण तपासलं तर त्यात हरताळ मिसळलेला निघाला.

हरताळ म्हणजे गंधक आणि सोमल यांचं पिवळं खनिज. मेण मऊ राहावं, अक्षर नीट उठावं म्हणून ते घालत. आपल्याकडेही पोथी लिहिणारे हेच खनिज वापरत. लिहिताना चूक झाली की तेवढ्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप द्यायचा आणि वाळल्यावर त्यावर पुन्हा लिहायचं. ‘हरताळ फासणे’ हा शब्दप्रयोग तिथूनच आपल्या बोलण्यात आला. कुठल्याही जुन्या पोथीत असे पिवळे ठिपके दिसतील. हरताळ विषारी असल्याने लेप दिलेल्या जागेपासून किडे दूर राहतात. निमरूदच्या विहिरीतल्या फळ्यात आणि आपल्या देवघरातल्या पोथीत एकच पिवळी पूड, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

दगडाबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण दगड अमर आहे असं वाटणं सोपं असतं. जुन्नरहून पश्चिमेला नाणेघाटात, घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. डाव्या भिंतीवर दहा ओळी, उजव्या भिंतीवर दहा. केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणांची ती यादी आहे. गायी, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण, आणि प्रत्येकाचा आकडा. २४,४०० कार्षापण लिहायचे तर वीस हजाराचं एक चिन्ह, चार हजाराचं एक, चारशेचं एक. शून्याशिवाय लिहिलेले हे आकडे देशात सापडलेल्या सर्वांत जुन्या अंकांत गणले जातात. ही यादीसुद्धा कोणाच्या तरी हिशेबाच्या वहीतून आली असणार. इतके वेगवेगळे आकडे कोणी आठवणीतून भिंतीवर उतरवत नाही.

हे लेणं घाटाच्या तोंडाशी. पावसाळ्यात कोकणातून उसळणारा वारा पाणी सरळ आत फेकतो. भिंती पाझरतात. वरच्या ओळी बऱ्या वाचता येतात, खाली खाली गेलं की अक्षरं विरत जातात, मधेच पापुद्रा सुटलेला. कितीतरी ठिकाणी यज्ञाचं नाव आहे आणि दक्षिणेचा आकडा नाही. कितीतरी ठिकाणी आकडा आहे आणि कशाचा ते नाही. शिवाय दगड शाबूत असूनही पोथी हरवल्यासारखी अवस्था शेकडो वर्षं होतीच. ब्राह्मी वाचणारं कोणी उरलं नव्हतं. घाटाने रोज बैल हाकणारे या भिंतीसमोरून गेले असतील आणि त्यांना ते राक्षसांचं किंवा पांडवांचं लिखाण वाटलं असेल. १८३७ च्या सुमारास प्रिन्सेपने लिपी उलगडली. पुढे भगवानलाल इंद्रजींनी नाणेघाटचे आकडे आकडे म्हणून ओळखले. या भिंतीवरून त्यांनी घेतलेल्या प्रती आज फार मोलाच्या आहेत, कारण मधल्या काळातही पाऊस थांबलेला नाही.

नंतरच्या शतकांत याच जुन्नरने साऱ्या मराठी मुलखाला लिहायला कागद पुरवला. इथल्या कागदी लोकांचा जुन्नरी कागद मराठेशाहीत नावाजलेला होता. जुनं तागाचं गोणपाट, दोर तोडून भिजवायचं, चुन्यात कुजवायचं, कुटायचं, नदीच्या पाण्यात धुवायचं. त्या लगद्याच्या हौदात गवताच्या काड्यांची चाळण बुडवून एक एक ताव उचलायचा, वाळवायचा, खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. कुकडीच्या काठी अशा तावांचे ढीग लागत. मराठी दप्तरांतल्या कागदांपैकी काही या तावांवर लिहिलेले आहेत, आणि घराघरांतल्या कितीतरी पोथ्याही.

त्यातली एक माझ्या आजोळी होती, घोडेगावच्या बाजूला. माळ्यावरच्या शिसवी पेटीत, लाल कापडात. पोथी गुंडाळायच्या कापडाला बासन म्हणतात. एखादं काम बासनात गुंडाळलं असं आपण म्हणतो ते त्यावरून. आजी दसऱ्याला ती उन्हात ठेवायची, पुन्हा बांधायची. बासन घट्ट बांधायचा तिचा आग्रह असे. पोथी सैल राहिली की पानांत हवा आणि किडा दोन्ही शिरतात, हे तिला ठाऊक होतं. पूर्वीचे लेखकही पोथीच्या शेवटी हीच विनवणी करत. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला वाचवा, असं पोथीच्याच तोंडी घालून.

आजी गेल्यावर सात-आठ वर्षं ती पेटी कोणी उघडली नाही. उघडली तेव्हा दोरा तुटलेला, पानं विस्कटलेली, पानांच्या कडेचे क्रमांक कसरीने खाल्लेले. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे आता लावता येणार नाही. मग दुपारच्या उजेडात एक पान वर धरलं आणि त्यातली भोकं दिसली. किड्याने वरून खाली बोगदा केला होता, म्हणजे एका पानावरचं भोक खालच्या पानावरही जवळपास त्याच जागी होतं, थोडं सरकलेलं, थोडं लहान. मी पानं एकमेकांवर धरत गेलो. जिथे भोक भोकावर बसे तिथे पान आपल्या जागी आलं. शंका वाटली तर शेवटच्या ओळीचं वाक्य पुढच्या पानावर चालू होतं का ते पाहायचं. ज्या किड्याने पोथी खाल्ली त्यानेच तिचा क्रम लिहून ठेवला होता. जुन्या हस्तलिखितांवर काम करणारे हीच युक्ती वापरतात, हे मला नंतर समजलं.

दोन दिवसांत एकाहत्तर पानं लागली. एक उरलं. त्याची भोकं कुठल्याच पानाशी जुळेनात. ताव तसाच, जुन्नरी वाटणारा, पण अक्षर जरा तिरकं आणि शाई अधिक तपकिरी. वाक्य मधूनच सुरू होतं आणि मधेच तुटतं, कडेला एका चुकीवर हरताळाचा पिवळा ठिपका. त्या पानाची पोथी आमच्या घरात नाही, आणि कोणाच्या घरात होती हे सांगणारं आता कोणी राहिलेलं नाही. ते पान मी वेगळ्या कापडात बांधून त्याच पेटीत ठेवलं आहे.